बटाटा की हरभरा, भरवशाचं पीक कोणतं? दहा वर्षांच्या उताऱ्यावरील प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर

वही हातात आली. एकाच शेताच्या दोन तुकड्यांवर दहा वर्षं सलग घेतलेल्या दोन पिकांचा उतारा, क्विंटल प्रति हेक्टर. वही सांभाळणाऱ्या काकांनी दर वर्षी काढणीनंतर वजन करून लिहिलंय, आणि समोर बारीक अक्षरात शेरे आहेत: करपा आला, मर दिसली, पाणी उशिरा मिळालं. उपयोग आकड्यांइतकाच त्या शेऱ्यांचाही होणार, असं पहिल्याच वाचनात वाटलं.

| वर्ष | बटाटा | हरभरा |
|---|---|---|
| १ | २३० | ८.५ |
| २ | १८० | ८.० |
| ३ | २४५ | १०.५ |
| ४ | २१० | ९.० |
| ५ | २६० | ११.५ |
| ६ | १६५ | १०.० |
| ७ | २३५ | १२.५ |
| ८ | २५० | १३.५ |
| ९ | १९५ | १२.० |
| १० | २३० | १४.५ |

प्रश्न काकांचाच आहे. त्यांना सरासरी विचारायची नाही, ती त्यांना पाठ आहे. त्यांना हवंय ते असं: "दोघांतलं कोणतं पीक दर वर्षी आपल्या शब्दाला जागतं?"

५ सप्टेंबर

आधी नेहमीचं प्रमाण विचलन काढलं. बटाट्याची सरासरी २२०, प्रमाण विचलन ३१.४. हरभऱ्याची सरासरी ११, प्रमाण विचलन २.१७. नुसतं विचलन पाहिलं तर हरभरा चौदापटीहून अधिक स्थिर. माझ्या जोडीदारानं वहीत तसं लिहूनही टाकलं होतं.

ते खोडलं, कारण हरभऱ्याचा उतारा ३१ क्विंटलने खाली जाऊच शकत नाही. जे पीक मुळात ११ क्विंटल देतं, त्याची सगळी हालचाल त्या ११च्या आसपासच होणार. आकड्यांचा पसारा लहान असण्यात पिकाचा काही गुण नाही, ते त्याच्या सरासरीचं माप आहे. बटाट्याला १० क्विंटलची घट म्हणजे साडेचार टक्के. हरभऱ्याला तीच घट म्हणजे जवळजवळ सगळं पीक गेलं.

म्हणून विचलनाला त्याच पिकाच्या सरासरीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. हा विचरण गुणांक, बोलताना आम्ही सीव्ही म्हणतो. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये हे माप मांडलं तेव्हा त्यांच्यापुढेही अशीच अडचण होती. पुरुष आणि स्त्रियांच्या शरीराच्या मापांत चढउतार कोणात जास्त, हे त्यांना पाहायचं होतं, आणि दोन्ही गटांची सरासरीच वेगळी होती.

तक्त्यात असं लिहिलं (A मध्ये वर्ष, B मध्ये बटाटा, C मध्ये हरभरा):

```
=STDEV.S(B2:B11)/AVERAGE(B2:B11)*100
=STDEV.S(C2:C11)/AVERAGE(C2:C11)*100
```

बटाटा १४.३ टक्के, हरभरा १९.८ टक्के. निकाल उलटला. आता बटाटा स्थिर.

एक खबरदारी इथेच लिहून ठेवते. आज एका स्तंभात चुकून `STDEV.P` पडलं होतं. ते ९ ऐवजी १० ने भागतं, त्यामुळे बटाट्याचा सीव्ही १३.६ आला. फरक छोटा दिसतो, पण एका पिकाला एक सूत्र आणि दुसऱ्याला दुसरं लावलं तर तुलना वाकडीच होणार. ही दहा वर्षं म्हणजे पुढच्या-मागच्या सगळ्या वर्षांचा नमुना आहेत, म्हणून दोन्हीकडे `STDEV.S`.

९ सप्टेंबर

एकक बदललं तर काय, असं जोडीदारानं विचारलं. क्विंटलचे किलो केले तर सरासरी शंभरपट, विचलनही शंभरपट, भागाकार तोच. बटाट्यात बरंचसं पाणीच असतं, म्हणून उतारा सुक्या वजनात मोजावा का, अशीही शंका आली. दर वर्षी सुक्या भागाचं प्रमाण सारखंच धरलं तर सीव्ही बदलत नाही. खरं प्रमाण वर्षागणिक हलत असेल तर मात्र बदलेल, आणि त्याची नोंद वहीत नाही. आम्ही ताजं वजनच ठेवलं.

काकांनी मात्र वेगळीच गोष्ट काढली, आणि तिनं आमचा सबंध दिवस खाल्ला. ते म्हणाले, "पोरांनो, बटाट्याचं बेणं बाजूला काढलं का? पुढच्या लागवडीला हेक्टरी २५ क्विंटल बेणं जातं. ते उताऱ्यातून आधीच वजा असतं माझ्या डोक्यात."

गुणाकाराने सीव्ही हलत नाही, पण वजाबाकीने हलतो. दर वर्षी तेवढेच २५ क्विंटल वजा केले तर वर्षावर्षांतलं अंतर तसंच राहतं, म्हणजे विचलन ३१.४च. सरासरी मात्र २२० वरून १९५ वर येते. सीव्ही होतो १६.१. हरभऱ्याला हेक्टरी ०.८ क्विंटल बियाणं धरलं तर सरासरी १०.२ आणि सीव्ही २१.३.

क्रम तोच राहिला, पण दोघांमधली दरी थोडी कमी झाली, कारण बटाट्याचं बेणं उताऱ्याच्या ११ टक्क्यांहून जास्त आहे आणि हरभऱ्याचं सात टक्क्यांच्या आसपास. जितका मोठा ठरलेला हिस्सा आधी काढून घ्याल, तितकं उरलेलं पीक अस्थिर दिसेल. आणि ते दिसणं खोटं नाही. ज्याला बेणं राखूनच जगायचंय त्याच्यासाठी चढउतार खरोखरच तेवढा मोठा असतो. म्हणून सीव्ही सांगताना "शून्य कुठून धरला" हे सांगावंच लागतं: एकूण उताऱ्यावर की बेणं वजा जाता. दोन पिकांची तुलना करताना दोन्हीकडे शून्य एकाच अर्थाचा हवा. अहवालात आम्ही एकूण उताऱ्याचे आकडे घेणार आहोत, बेणं वजा केलेले शेजारी देणार आहोत.

१० सप्टेंबर

जोडीदाराला एका चाचणी-अहवालात बटाट्याचा "सीव्ही ११ टक्के" सापडला आणि तो आमच्या १४.३ शेजारी मांडावा असं त्याला वाटलं. नाही मांडायचा. तो एकाच हंगामातल्या शेजारशेजारच्या वाफ्यांमधला फरक आहे, आणि तो प्रयोग किती नीट झाला हे सांगतो. आमचा सीव्ही एकाच शेताच्या दहा वर्षांमधला आहे. नाव एक, मोजलेली वस्तू वेगळी.

१४ सप्टेंबर

आज आलेख काढला, तो पहिल्याच दिवशी काढायला हवा होता.

बटाट्याच्या रेषेत वर-खाली आहे, पण ती कुठे जात नाही. २३० पासून सुरू होऊन दहाव्या वर्षी २३० वरच थांबते. हरभऱ्याची रेषा चढते आहे. पहिल्या दोन वर्षांत साडेआठ आणि आठ, शेवटी साडेचौदा. काकांचे शेरे वाचले तर कारणं लिहिलेलीच आहेत. तिसऱ्या वर्षी मर रोगाला दाद न देणारं वाण आणलं. पुढे ओळींमधलं अंतर बदललं, मग फुलोऱ्याआधी एक संरक्षित पाणी सुरू केलं, आणि घाटेअळीसाठी शेताची पाहणी नेमाने होऊ लागली.

इथे माझ्या लक्षात आलं की १९.८ टक्क्यांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. प्रमाण विचलनाला वर्षांचा क्रम कळत नाही. दहा आकडे पत्त्यांसारखे पिसून दिले तरी ते तेच उत्तर देतं. त्यामुळे दर वर्षी थोडं थोडं सुधारत गेलेलं पीक आणि दर वर्षी दगा देणारं पीक त्याला सारखंच दिसतं. हरभरा सुधारला, आणि त्याच सुधारणेसाठी आमच्या तक्त्यात तो बेभरवशाचा ठरला. काकांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्या चढाच्या रेषेत त्यांची दहा वर्षं आहेत.

१५ सप्टेंबर

कल वेगळा काढला. हरभऱ्यावर सरळ रेषा बसवली: दर वर्षी ०.६४ क्विंटलची वाढ. एकूण पसाऱ्यातला ८० टक्के भाग एकटी ही रेषाच समजावते, याच भागाला R² म्हणतात. रेषेपासून प्रत्यक्ष उतारा किती दूर पडला, तेवढाच खरा चढउतार. उदाहरणार्थ सहाव्या वर्षी रेषा ११.३ म्हणते, आला १०.०, म्हणजे १.३ ची तूट. नवव्या वर्षी रेषा १३.२ म्हणते, आला १२.०, तूट १.२. गंमत अशी की हे १२.० क्विंटल सरासरीच्या वर आहेत. कालपर्यंतच्या हिशेबात नववं वर्ष चांगलं होतं. शेऱ्यात मात्र काकांनी "घाटेअळी, हातचं गेलं" असं लिहिलंय. रेषेने काढलेला हिशेब त्यांच्या शेऱ्याशी जुळला, याचा मला फार आनंद झाला.

उरलेल्या फरकांचं प्रमाण विचलन काढताना ९ ने नाही, ८ ने भागायचं, कारण सरासरीसोबत चढही याच आकड्यांतून काढला आहे. ते येतं १.०३. त्याला ११ ने भागलं की ९.३ टक्के.

```
=STEYX(C2:C11,A2:A11)/AVERAGE(C2:C11)*100
```

`STEYX` मध्ये आधी उतारा, मग वर्ष. उलटं दिलं तर तक्ता काहीच तक्रार करत नाही, फक्त निरर्थक आकडा देतो.

शेतीच्या अर्थशास्त्रात हेच माप कडी आणि डेला व्हाले यांच्या नावाने येतं, त्यांनी ते १९७८ मध्ये दिलं. त्यांचं सूत्र वेगळं दिसतं: साध्या सीव्हीला √(१ − समायोजित R²) ने गुणायचं. आमच्या हरभऱ्याचा समायोजित R² ०.७७६ आहे, त्यामुळे गुणक ०.४७३ आणि उत्तर १९.८ वरून ९.३. दोन्ही वाटांनी एकच आकडा येतो, आणि तो योगायोग नाही. समायोजित R² मध्ये तोच ८ आणि ९ चा भागाकार दडलेला आहे.

बटाट्यावरही रेषा बसवून पाहिली. चढ वर्षाला ०.६७ क्विंटल, म्हणजे २२० क्विंटलपुढे काहीच नाही. R² ०.००४. समायोजित R² तर उणे आला, आणि सूत्रात घातल्यावर सीव्ही १४.३ वरून १५.१ वर चढला. नसलेला कल काढण्याची ही किंमत आहे, एक वर्षाइतकी माहिती वाया जाते. कल खरा आहे असं म्हणायला आधार नसेल तर साधा सीव्हीच ठेवावा, हा रिवाज आम्ही पाळला.

तर आता बटाटा १४.३, हरभरा ९.३. दुसऱ्यांदा निकाल फिरला. हरभरा स्थिर हे पहिल्या दिवसाचं उत्तर परत आलं, पण त्या दिवशीच्या कारणाने नाही.

१६ सप्टेंबर

रात्री एक शंका आली. हरभऱ्याची तूट दहा वर्षांच्या सरासरीने, ११ ने, भागावी की त्या त्या वर्षाच्या रेषेवरच्या आकड्याने? सुरुवातीला रेषा ८ च्या जवळ होती, तेव्हाचा अर्धा क्विंटल शेवटच्या अर्ध्या क्विंटलपेक्षा जड. तसं करून पाहिलं, ९.५ टक्के आले. इथे फरक पडला नाही. उतारा दहा वर्षांत तिप्पट झाला असता तर हा प्रश्न टाळता आला नसता.

२१ सप्टेंबर

मॅडमना आकडे दाखवले. त्यांनी एवढंच विचारलं, "दहाच वर्षं आहेत ना? मग या पाच टक्क्यांच्या फरकावर तू किती विश्वास ठेवतेस?"

सीव्ही हाही नमुन्यातून काढलेला अंदाज, त्याचीही चूक असते. ढोबळ हिशेब असा: सीव्ही भागिले √(२ × वर्षांची संख्या). बटाट्यासाठी १४.३ भागिले ४.४७, म्हणजे ३.२. हरभऱ्यासाठी कल काढल्याने १० ऐवजी ८ धरले तर २.३. दोन्ही मिळून फरकाची प्रमाणित चूक ३.९ आणि फरक ५.०. म्हणजे फरक चुकीच्या दुप्पटही नाही. एवढ्यावर "हरभरा अधिक स्थिर" असं ठामपणे लिहिता येत नाही.

खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. घरी परतताना मात्र काकांचे शेरे पुन्हा डोळ्यासमोर आले. दुसरं, चौथं, सहावं, नववं ही वर्षं दोन्ही पिकांना वाईट गेली होती. सूत्र गृहीत धरतं की बटाट्याचं नशीब एकीकडे आणि हरभऱ्याचं दुसरीकडे. इथे तर दोघांवर एकच आभाळ होतं.

२३ सप्टेंबर

दोन्ही पिकांचे फरक टक्क्यांत मांडून जोड्या लावल्या. बटाट्याचा फरक त्याच्या सरासरीपासून, हरभऱ्याचा त्याच्या रेषेपासून. सहाव्या वर्षी बटाटा उणे २५, हरभरा उणे १२. पाचव्या वर्षी बटाटा अधिक १८.२, हरभरा अधिक ७.५. दोन्ही स्तंभांचा सहसंबंध ०.९१ निघाला. चांगलं वर्ष दोघांना चांगलं, वाईट वर्ष दोघांना वाईट, फक्त बटाटा जास्त जोरात हलतो.

जोडीच्या आकड्यांतला पसारा तपासण्याची एक सुंदर युक्ती आहे, पिटमन आणि मॉर्गन या दोघांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपणे दिलेली. प्रत्येक वर्षासाठी दोन फरकांची बेरीज आणि वजाबाकी करायची. दोन्ही पिकांचा पसारा सारखा असेल तर बेरीज आणि वजाबाकी यांचा आपसात काही संबंध राहत नाही. ज्यातून वजा करतो ते पीक, इथे बटाटा, जास्त हलत असेल, तर बेरीज मोठी होते तेव्हा वजाबाकीही त्याच दिशेने ओढली जाते.

सहावं वर्ष: बेरीज उणे ३७, वजाबाकी उणे १३. पाचवं वर्ष: बेरीज अधिक २५.७, वजाबाकी अधिक १०.७. दोन्ही त्याच दिशेने. चौथं वर्ष वेगळं वागतं. बटाटा ४.५ ने खाली, हरभरा ९.४ ने, बेरीज उणे आणि वजाबाकी अधिक. शेऱ्यात त्या वर्षी हरभऱ्यापुढे "मर, खालच्या बांधाला" लिहिलंय, बटाट्यापुढे काही नाही.

दहाही वर्षं घेतल्यावर बेरीज-वजाबाकीचा सहसंबंध ०.७७. दहा जोड्यांसाठी पाच टक्के पातळीवरची मर्यादा ०.६३ आहे, रेषेसाठी एक अंश वजा केला तर ०.६७. दोन्हींपेक्षा ०.७७ वर आहे. तेच दहा आकडे, तेच ५.० चं अंतर, पण वर्षं जोडून पाहिल्यावर फरक दिसतो. दोघांना सारखा बसलेला हवामानाचा फटका वजाबाकीत निघून जातो आणि पिकापिकातला फरक उरतो.

बटाटा आणि हरभरा दोन वेगळ्या शेतांतून, वेगळ्या वर्षांतून आले असते, तर ही वाट बंद होती.

२६ सप्टेंबर

काकांकडे गेलो. त्यांना सीव्ही नाही, वाईट वर्षं सांगितली. दुसऱ्या वर्षी बटाटा नेहमीपेक्षा १८ टक्के खाली, सहाव्यात २५, नवव्यात ११. हरभरा त्याच वर्षांत ७, १२ आणि ११. काका म्हणाले, "नवव्या वर्षी दोघंही सारखेच पडले की."

बरोबर आहे. आणि सीव्हीत हे दिसतच नाही. तो वरचे आणि खालचे फरक एकत्र वर्ग करून मोजतो. बटाट्याच्या १४.३ मध्ये पाचव्या वर्षीची अधिक १८ टक्क्यांची चढही तेवढ्याच वजनाने बसली आहे, आणि त्या चढीबद्दल काकांची काहीच तक्रार नाही. म्हणून ठरवलं की अहवालात सीव्हीच्या खाली दोन्ही पिकांची सर्वांत वाईट तीन वर्षं टक्केवारीसह द्यायची. आमच्या वहीत या वाईट वर्षांनीही बटाट्यालाच जास्त हलणारा ठरवलंय, आणि तेही सीव्हीने दाखवलं त्याहून जास्त फरकाने. हरभऱ्याच्या तीन वाईट वर्षांत चौथं येतं, दुसरं नाही: उणे १२, ११ आणि ९.

२८ सप्टेंबर

अहवालातलं वाक्य चार वेळा लिहून पाचव्यांदा ठेवलं ते असं: "एकूण उताऱ्यावर, दहा वर्षांत, बटाट्याचा विचरण गुणांक १४.३ टक्के (कल आढळला नाही) आणि हरभऱ्याचा १९.८ टक्के आहे. हरभऱ्यातील वर्षाला ०.६४ क्विंटलची वाढ वगळल्यास तो ९.३ टक्के होतो. एकाच वर्षांच्या जोड्या लावून पाहता हरभऱ्याचा चढउतार बटाट्यापेक्षा कमी आहे."

जोडीदाराला १९.८ गाळायचा होता, वाचणारा गोंधळेल म्हणून. मी तो ठेवला. उद्या कोणी हीच वही घेऊन साधं सूत्र लावलं तर त्याला १९.८च मिळणार, आणि आमच्या ९.३ पर्यंत तो कसा पोचायचा हे त्याला आमच्या पानावरच दिसायला हवं.

काकांनी या हंगामाचा हरभरा पेरलाय. अकराव्या वर्षी रेषा १४.५ म्हणते. वहीत त्यांच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने तेवढं लिहून आलेय.